बीपीची गोळी, डिप्रेशनची गोळी आणि टोलवाटोलवी: माझा अनुभव

ताठरता येत नाही हे डॉक्टरांना सांगायला धीर लागतो म्हणतात. मला सांगायला फारसं जड गेलं नाही, पण त्यानंतर जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

बीपीसाठी मला मेटोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी ५० मिलीग्रॅम चालू होती. पुढे डिप्रेशनसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन २० मिलीग्रॅम दिली. झोप सुधारली, मन सावरलं आणि इकडे सगळं थंड पडलं. बीपीच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ते मनाच्या गोळीमुळे, त्यांनाच विचारा." मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, "बीटा ब्लॉकरमुळे होतं असं, फिजिशियनशी बोला." पुन्हा फिजिशियनकडे, पुन्हा रांग आणि पुन्हा तेच. दोघांचं म्हणणं पुस्तकात बरोबरच होतं, पण एकाच्याही टेबलावर दुसऱ्याचा केस पेपर नव्हता. बाहेर बाकावर बसलेले एक काका म्हणाले, "दोन्ही बंद करून बघा ना आठवडाभर, कळेल कुठली ते." असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि वैतागलेल्या माणसाला तो पटतोसुद्धा.

मी तो ऐकला नाही. कारण आठवडाभरात कळलं असतं ते भलतंच. बीटा ब्लॉकर अचानक बंद केलं की आत दबून राहिलेली धडधड उसळते, बीपी चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद असतील त्याला छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. पॅरॉक्सेटिन तर शरीरातून लवकर बाहेर पडणारी गोळी. ती एकदम सोडली की दोन-चार दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात, आणि माणसाला वाटतं आजारच उलटला.

शेवटी टोलवाटोलवीला कंटाळून मी एका कागदावर दोन रकाने आखले. डाव्या बाजूला कोणती गोळी, किती मिलीग्रॅम, कधीपासून. उजव्या बाजूला तक्रार आणि ती कधीपासून. तक्रारसुद्धा फोडून लिहिली: इच्छा कमी झाली का, ताठरता येत नाही का, येऊन टिकत नाही का, वीर्यपतनाला फार वेळ लागतो का, पहाटे आपोआप ताठरता येते का. लिहिताना दिसलं की मेटोप्रोलोलवर असताना थोडा ढिलेपणा होताच, पण पॅरॉक्सेटिन सुरू झाल्यावर तो फार वाढला आणि वीर्यपतन लांबणं तर तेव्हाच नव्याने सुरू झालं. खाली घरच्या बीपी मशीनचे आकडे उतरवले. तिथे नाडी आधी सत्तरच्या आसपास होती, ती पन्नाशीत आलेली. मला वाटलं होतं, चांगलंच आहे, हृदय शांत झालं.

फिजिशियनांची नजर नेमकी त्या नाडीवर अडली. यकृतातलं जे एन्झाइम मेटोप्रोलोलचा निचरा करतं, त्यालाच पॅरॉक्सेटिन अडवते. म्हणजे गोळी तीच ५० ची, पण रक्तात तिचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त. दोन्ही डॉक्टर बरोबर होते, फक्त एकमेकांशी बोलत नव्हते! त्या दिवशी पहिल्यांदा एकाने दुसऱ्याला फोन लावला.

मला पूर्वी हार्ट अटॅक नव्हता, हृदय अशक्तही नव्हतं, म्हणून गोळी बदलणं सोपं गेलं. ज्यांना तीच गोळी हृदयासाठी दिली आहे, त्यांचा हिशोब वेगळा. माझी मेटोप्रोलोल आधी अर्धी केली, मग दोनेक आठवड्यांत बंद, आणि तिच्या जागी टेल्मिसार्टन. या जातीच्या गोळ्या ताठरतेला सहसा त्रास देत नाहीत. पॅरॉक्सेटिनला त्या काळात हात लावला नाही, कारण दोन्ही एकदम बदलल्या असत्या तर फरक कशाने पडला ते कळलंच नसतं.

मधेच आठवलं म्हणून सांगतो: शुगर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्या. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड कधीकधी तिथे आधी दिसतो; दोष नेहमी गोळीचाच असतो असं नाही. आणि मित्राकडून ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल गोळी मागून घेऊ नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल किंवा जिभेखाली ठेवायला दिलेली असेल, तर दोन्ही मिळून बीपी जीवघेणं उतरू शकतं.

नाडी परत वर आली, ताठरताही बरीचशी परतली. वीर्यपतनाचा उशीर मात्र राहिला, तो पॅरॉक्सेटिनचा. आता ती थोडी थोडी उतरवत मिर्टाझापिन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या गोळीवर नेणं चालू आहे, आणि वेळापत्रकाचा कागद या वेळी दोन्ही डॉक्टरांच्या फायलीत आहे.