कॉर्नेल नोट्स: पर्जन्यछायेचं पान नव्याने

नौपाड्यातल्या रविवारच्या स्पर्धा परीक्षा क्लासची भूगोलाची वही मी हळूहळू कॉर्नेल मांडणीत आणते आहे. या खेपेला पर्जन्यछायेचं पान झालं. ते सविस्तर लिहिते, कारण क्यू कॉलममध्ये, म्हणजे डावीकडच्या प्रश्नांच्या रकान्यात, नेमकं काय लिहायचं हे या एका पानावर फार स्वच्छ दिसलं.

मापं आधी सांगून टाकते. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी 1950च्या दशकात ही पद्धत बसवली ती अमेरिकी लेटर कागदावर: डावीकडे क्यू कॉलमला अडीच इंच, उजवीकडे नोट्सना सहा, तळाला सारांशाला दोन इंच. आपला ए-फोर थोडा अरुंद आणि लांब असतो. म्हणून मी डावीकडे 6 सेंमी, उजवीकडे 15 आणि तळाला 5 सेंमी सोडते. सुटे कागदच वापरते. एखादं पान बिघडलं तर तेवढंच बदलता येतं.

मूळ पानावर सगळं सरांच्या बोलण्याच्या क्रमाने आलं होतं. वर ‘सह्याद्री आडवा’, मध्येच महाबळेश्वर आणि पाचगणी, बाणाने जोडलेलं ‘10°, 6°’, मग मान्सूनच्या दोन शाखा, आणि अगदी खाली समासात ‘हवा खाली उतरते = गरम’. असं पान वरून खाली उतरवत गेलं की गोंधळ फक्त सुवाच्य अक्षरात येतो. म्हणून नव्या कागदाला हात लावण्याआधी जुन्याच पानावर पेन्सिलने आकडे घालते. एकाच प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या ओळींना एकच आकडा. या पानावर तीन गट पडले: हवा चढताना काय होतं, उतरताना काय होतं, आणि मान्सूनच्या शाखा. शाखांचा गट वेगळ्या पानावर गेला.

हे करताना ‘10°, 6°’ला कारणच लिहिलेलं नाही हे लक्षात आलं. पाठ्यपुस्तक काढून ते भरलं. हवा वर चढते, प्रसरण पावते आणि किलोमीटरला साधारण 10 अंशांनी थंड होते. ढग बनायला लागले की बाष्पातली सुप्त उष्णता बाहेर पडते, म्हणून पुढे थंड होण्याचा वेग मंदावतो आणि साधारण 6 अंशांवर येतो. घाट ओलांडून उतरताना मात्र ढग विरलेले असतात, म्हणून हवा पुन्हा 10च्या दराने तापते.

नोट्सच्या भागात एक उदाहरण मांडून ठेवलं. कोकणात हवा 28 अंश, ढग 400 मीटरवर सुरू, घाटमाथा 1000 मीटर. 400 मीटरवर तापमान 24, माथ्यावर 20.4. पलीकडे 600 मीटरवर उतरली की 24.4. अलीकडच्या बाजूला त्याच उंचीवर ती 22.8 होती. पाऊस पाडून पाणी गमावलं, शिवाय हवा तापली, म्हणजे सापेक्ष आर्द्रता उतरली. म्हणून महाबळेश्वरहून जेमतेम वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला पाऊस निम्म्याहूनही कमी.

आता क्यू कॉलम. इथे ‘पर्जन्यछाया’ असं लिहायचा मोह होतो, पण ते शीर्षक झालं. त्यावर काय उत्तर द्यायचं आणि कुठे थांबायचं, काहीच कळत नाही. मी लिहिलं: ‘घाट उतरणारी हवा त्याच उंचीवर चढणाऱ्या हवेपेक्षा गरम का?’ आणि त्याखाली ‘पाचगणीला पाऊस कमी का?’ प्रत्येक प्रश्न त्याच्या उत्तराच्या पहिल्या ओळीसमोरच येतो. तपासायची रीत सोपी आहे: उजवा भाग कोऱ्या कागदाने झाकायचा आणि बहिणीला प्रश्न वाचायला सांगायचा. उत्तर मोठ्याने देताना ‘अजून काय सांगू गं?’ असं विचारावंसं वाटलं, तर प्रश्न सैल आहे. एका प्रश्नाचं उत्तर अर्धं पान खात असेल तर तो फोडायचा.

सारांश सगळ्यात शेवटी, आणि वरचं सगळं झाकून. या पानाचा दोन वाक्यांत बसला: ‘चढताना हवेला सुप्त उष्णता मिळते आणि तिचं पाणी पावसात जातं, उतरताना ती कोरडी आणि जास्त गरम होते. म्हणून सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस एकदम घटतो.’ नोट्समधलं वाक्य जसंच्या तसं उतरलं असेल तर मी ते खोडते, कारण ते पाहून लिहिलेलं असतं.

नकाशे मात्र या चौकटीत मावत नाहीत. 15 सेंमीत महाराष्ट्र काढला की नद्यांची नावं एकमेकांवर चढतात. सध्या नकाशा मागच्या पूर्ण कोऱ्या बाजूला काढते आणि क्यू कॉलममध्ये ‘मागे नकाशा: पावसाचे पट्टे न बघता काढ’ एवढंच लिहिते. पुढचं पान मान्सूनच्या शाखांचं आहे, त्यात अरबी समुद्राची शाखा आणि बंगालच्या उपसागराची शाखा एकाच नकाशावर घ्यायच्या आहेत. कोणी दोन पानं जोडून मधोमध घडी घालून बघितली असेल, तर क्यू कॉलम कुठल्या बाजूला ठेवलात ते सांगा.