सुरमईची किलोमागे खरी किंमत मी कशी काढते

डब्यांचा दर ठरवताना मी मासळीचा बाजारभाव धरत नाही. तो भाव डोकं, कल्ले, आतडी, शेपटी सगळ्यांसकट असतो आणि डब्यात जाते ती फक्त तुकडी. त्यामुळे साफ केलेल्या तुकड्यांचं वजन हाती आल्याशिवाय मी हिशोब लिहीत नाही.

एका सुरमईचा हिशोब देते. अख्खा मासा २ किलो ४०० ग्रॅम, भाव ८०० रुपये किलो, म्हणजे १,९२० रुपये. साफ करून तुकड्या पाडायचे ४० रुपये वेगळे, एकूण १,९६०. मासा कापायच्या आधी तो माझ्यासमोर काट्यावर ठेवायला लावते आणि कापल्यावर डोकं नि घाण वेगळ्या पिशवीत मागून घेते. घरी प्रत्येक भाग वेगळा तोलते. इथे डोकं ४३० ग्रॅम भरलं, कल्ले आणि पोटातलं १९०, पर-शेपटी ११०, तुकड्या १,६४०. बेरीज २,३७० येते. उरलेले ३० ग्रॅम रक्त आणि पाणी. ही बेरीज करायचा कंटाळा करू नये, कारण चूक तिथेच सापडते. बेरीज मूळ वजनापेक्षा जास्त आली तर तुकड्यांना धुतलेलं पाणी लागलेलं असतं. बरीच कमी आली तर एखादा भाग पिशवीत आलेलाच नाही किंवा पोटात बर्फ असतानाच मासा तोलला गेला होता.

पाण्याचा फरक किरकोळ नसतो. धुतल्या धुतल्या त्याच तुकड्या १,७०० ग्रॅम भरल्या असत्या आणि किलोमागे चाळीसेक रुपयांची खोटी स्वस्ताई दिसली असती. म्हणून तुकड्या चाळणीत पंधरा मिनिटं निथळू देते, मगच तोलते. मीठ-हळद त्यानंतर, कारण मिठाने मासळीला पाणी सुटतं आणि वजन पुन्हा बदलतं.

आता भाग द्यायचा: १,९६० ला १.६४० ने. उत्तर साधारण १,१९५ रुपये किलो. इथे बरेच जण वेगळी वाट धरतात. घट ३२ टक्के म्हणून ८०० वर ३२ टक्के चढवतात आणि १,०५६ लिहून मोकळे होतात. ते चुकतं, कारण घट अख्ख्या माशाची असते आणि पैसे वसूल करायचे असतात उरलेल्या ६८ टक्क्यांतून. तिथे भागाकारच हवा. १२० ग्रॅमच्या तुकडीला बाजारभावाने ९६ रुपये पडतात, टक्के चढवून १२७ आणि खरे १४३. घट जितकी जास्त तितकी ही दरी रुंदावते. कोळंबी सोलून निम्मी उरली तर भाव दीडपट नाही, दुप्पट होतो.

डोक्याचं काय? कालवणाला वापरणार असाल तर त्याची किंमत वजा करा, पण तुकडीच्या भावाने नाही. बाजारात नुसतं डोकं ज्या भावाला मिळतं तो धरा. २५० रुपये किलो धरले तर १०७ रुपये वजा होऊन तुकडी ११३० ला येते. डोकं फेकणार असाल तर वजाबाकी नाही. गाबोळी निघाली तर तीही खाण्यात धरा, घाणीत नको.

तुकडीत मधला काटा आणि कातडी असतेच. तळलेल्या तुकडीला ते चालतं, कारण गिऱ्हाईक तुकडी म्हणूनच घेतं. कटलेटला चालत नाही. याच माशातून काटा-कातडी काढल्यावर १,३५० ग्रॅम मांस उरलं आणि भाव गेला १,४५० च्या वर. कटलेटला सुरमई परवडत नाही ती यामुळे.

बांगडा वाट्याने मिळतो, तिथे किलोचा भाव नसतोच. २०० रुपयांचा वाटा घरी तोलला तर १,०५० ग्रॅम, डोकं आणि पोट काढून ६८०. म्हणजे २९४ रुपये किलो. वाटा मोठा दिसतो तो डोक्यांमुळेही.

चिकनला पहिला प्रश्न वजन कशाचं, हा. जिवंत कोंबडी तोलून दर लावला असेल तर पिसं, रक्त, पाय, आतडी आणि कातडी सगळं तुमच्या पैशात. २ किलो १०० ग्रॅमची कोंबडी १५० च्या दराने ३१५ रुपयांना घेतली, कातडी काढून १,३६५ ग्रॅम हाती आलं, तर भाव २३१ पडतो. शेजारच्या दुकानात कातडी काढलेलं चिकन २२० ला असेल तर तेच स्वस्त. पण तिथेही तोलल्यावर कातडी काढतात की काढल्यावर तोलतात, हे काट्याकडे बघूनच ठरवा.