गजराच्या घड्याळाची पाठ वाचताना : तिसऱ्या महिन्याची नोंद

गेल्या नोंदीत मी असे लिहिले होते की, घड्याळाच्या पाठीचा एक स्वच्छ फोटो मिळाला तर आतले मशीन कोणत्या जातीचे आहे हे बहुतेक वेळा सांगता येते. या महिन्यात उदगीरहून एका स्नेह्यांनी पाठवलेल्या फोटोवरून मी चुकीचे मशीन सांगितले, आणि ती चूक नेमकी कुठे झाली हे शोधताना जे हाती लागले ते पहिल्या दोन महिन्यांच्या कामापेक्षा अधिक उपयोगाचे ठरले. म्हणून ही नोंद त्या एका घड्याळापुरती ठेवतो.

आधी मूळ कल्पना थोडक्यात सांगतो. चावीच्या गजराच्या घड्याळाचे मागचे झाकण म्हणजे भोके पाडलेला पत्रा असतो. त्या भोकांतून बाहेर येणारे दांडे मात्र थेट मशीनचे असतात : वेळेच्या स्प्रिंगचा दांडा, गजराच्या स्प्रिंगचा दांडा, काटे फिरवण्याचा दांडा आणि गजराची वेळ लावण्याचा दांडा. केस बनवणारा रंग बदलू शकतो, पाय बदलू शकतो, घंटा आत किंवा बाहेर नेऊ शकतो. पण त्याच मशीनसाठी दांड्यांची परस्पर जागा त्याला बदलता येत नाही. म्हणजेच पाठीवरची भोके हा आतल्या मशीनचा अर्धवट नकाशाच असतो. नांदेडच्या ज्या वृद्ध घड्याळजींकडे मी अधूनमधून जाऊन बसतो, त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "चावी बघू नका, चावी कुनाची बी बसती. भोक बघा." चाव्या हरवतात, बाजारातून दुसऱ्या आणल्या जातात, त्यामुळे चावीच्या आकारावरून काढलेले अनुमान टिकत नाही, हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

माझ्याकडे आजवर उघडून पाहिलेल्या एकवीस घड्याळांची कार्डे आहेत. प्रत्येक कार्डावर केसचा व्यास, दोन्ही चाव्यांच्या दांड्यांमधले अंतर, काटे फिरवण्याचा दांडा मध्यबिंदूपासून किती आणि कोणत्या दिशेला आहे, वेग कमीजास्त करण्याच्या दांडीची खाच कुठे आहे, आणि पाठीवर कोरलेले बाण कोणत्या दिशेचे आहेत, एवढेच लिहिलेले असते. अंतरे मी केसच्या व्यासाच्या प्रमाणात लिहितो, कारण फोटोत मोजपट्टी क्वचितच असते, पण केसची गोल कड नेहमीच दिसते.

उदगीरच्या फोटोत हिरव्या रंगाचे, सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचे घड्याळ टेबलावर उभे होते. पाठीवर दोन चाव्या, दोन लहान गुंड्या आणि वरच्या बाजूला कमानीसारखी खाच होती. ज्याअर्थी खाच आणि तिच्यातून डोकावणारी दांडी होती, त्याअर्थी हे बॅलन्सचे, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या छोट्या चक्राने वेग राखणारे मशीन आहे हे उघड होते. लंबकाच्या घड्याळाला तशी दांडी लागत नाही, तिथे वेग लंबकाच्या लांबीने बदलतो. खाचेच्या दोन्ही टोकांना ए आणि आर ही अक्षरे होती. ती फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे आहेत, पुढे जाणे आणि मागे पडणे अशा अर्थाची, पण इतर देशांतल्या घड्याळांवरही ती आढळतात, म्हणून त्यांवरून कारखान्याचा देश ठरवू नये. दोन चाव्या म्हणजे वेळ आणि गजर यांच्या स्प्रिंगा वेगळ्या, हेही निश्चित झाले. एवढ्यावरून एकवीसपैकी दोनच कार्डे उरली, चौथे आणि सातवे. दोघांत चाव्यांमधले अंतर जवळजवळ सारखेच आहे. फरक एकच : चौथ्यात काटे फिरवण्याचा दांडा थेट केसच्या मध्यबिंदूवर आहे, तर सातव्यात तो मध्यबिंदूच्या सहा मिलिमीटर खाली आहे.

फोटोत ती गुंडी मध्यापासून खाली दिसत होती. मोजले तेव्हा साधारण पाच मिलिमीटर आले. एवढा फरक मोजणीत राहतोच असे मानून मी सातवे कार्ड ठरवले आणि तसे कळवूनही टाकले. घड्याळ उघडल्यावर ते चौथ्या जातीचे निघाले.

चूक अशी होती. मी गुंडीचे डोके मोजले, भोक मोजले नाही. गुंडीचे डोके पाठीच्या पत्र्यापासून पंधरा मिलिमीटर पुढे आलेले असते, आणि फोटो वरून, तिरक्या कोनातून काढलेला होता. किती तिरका, हे फोटोवरूनच काढता येते, कारण गोल केस तिरकी पाहिली की लंबगोल दिसते. या फोटोत केसची रुंदी १४८० पिक्सेल आणि उंची १४०२ पिक्सेल होती. उंचीला रुंदीने भागले की ०.९४७ येते, आणि ज्या कोनाची कोज्या एवढी असते तो कोन सुमारे १९ अंशांचा आहे. त्या कोनातून पाहिले असता पंधरा मिलिमीटर पुढे असलेली वस्तू पत्र्यावर जवळजवळ पाच मिलिमीटर खाली सरकलेली भासते. म्हणजे मला जे अंतर दिसले ते पूर्णपणे या भासाचेच होते. दांडा बरोबर मध्यावर होता. जर मशीन खरोखरच सातव्या जातीचे असते, तर खरे सहा मिलिमीटर आणि भासाचे पाच मिळून गुंडी त्याच्या जवळजवळ दुप्पट खाली दिसली असती, आणि हे मला त्याच वेळी खटकायला हवे होते.

दुसरे असे की, याच फोटोत उत्तर लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. काटे फिरवण्याच्या गुंडीशेजारी बाण कोरलेला होता, आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेचा होता. काटे पुढच्या बाजूने पाहिले असता उजवीकडे फिरतात. मागून पाहणाऱ्याला तीच गती डावीकडे दिसते. गुंडी थेट काट्यांच्या दांड्यावर बसलेली असेल, तर काटे पुढे नेण्यासाठी ती मागून डावीकडेच फिरवावी लागते. पण गुंडीचा दांडा बाजूला असेल आणि एका दातेचक्राच्या मार्फत काट्यांना गती देत असेल, तर एकमेकांत अडकलेली दोन चक्रे उलट दिशांना फिरत असल्यामुळे बाण मागून उजवीकडे दाखवावा लागतो. सातव्या कार्डावरचा बाण उजवीकडचा आहे, चौथ्यावरचा डावीकडचा. म्हणजे बाणाने एका क्षणात जे सांगितले असते, ते मी पिक्सेल मोजून चुकीचे ठरवले. आता प्रत्येक कार्डावर मी बाणांची दिशा पहिल्या ओळीत लिहितो.

चावीशेजारचा बाणही असाच उपयोगी पडतो. चावी दांड्यावर आट्यांनी बसते, आणि किल्ली देताना ती घट्ट होत जावी म्हणून डावीकडे फिरणाऱ्या दांड्याला डाव्या आट्यांची चावी असते. बाण डावीकडचा असून उजव्या आट्यांची चावी कोणी बसवली असेल, तर किल्ली देताना ती सुटून हातात येते. मागचे झाकण दुसऱ्या घड्याळाचे लावले असेल तर ते बाणांवरून नेहमी उमगत नाही, म्हणून मी आणखी दोन गोष्टी पाहतो. एक, दांडा भोकाच्या मध्यातून येतो की एका कडेला घासतो, आणि भोक कानशीने वाढवल्याच्या खुणा आहेत का. दुसरी, वर्षानुवर्षे चावी फिरून पत्र्यावर उमटलेले गोल ओरखडे सध्याच्या दांड्याभोवतीच आहेत की त्यापासून सरकलेले आहेत. हिरव्या घड्याळाचे ओरखडे दांड्यांभोवती बरोबर बसत होते, त्यामुळे झाकण मूळचेच असल्याची खात्री झाली.

गजर लावण्याच्या गुंडीबद्दल एक निरीक्षण येथेच नोंदवतो. ज्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर गजराची वेगळी छोटी तबकडी असते, त्यांपैकी मी पाहिलेल्यांत तो दांडा सरळ त्या छोट्या काट्यापर्यंत जातो. म्हणून पाठीवरची गुंडी छोट्या तबकडीच्या बरोबर मागे येते, फक्त डावे-उजवे आरशासारखे बदलून. गजराचा काटा मुख्य काट्यांबरोबर मध्यावरच असेल, तर गुंडी बाजूला असते आणि मधले चक्र काम करते. त्यामुळे पाठीचा फोटो पाहून पुढची तबकडी कशी असावी हे सांगण्याचा मी सराव करत आहे. आतापर्यंत नऊपैकी आठ वेळा ते जमले.

फोटो कसा मागवावा, यातही मी बदल केला आहे. घड्याळ मऊ पंच्यावर तबकडी खाली करून ठेवावे, मोबाइल साधारण एक मीटर वर धरून झूम वापरावा. तीस सेंटिमीटरवरून फोटो काढला तर पंधरा मिलिमीटर उंच चाव्यांची डोकी एकमेकांपासून पाच टक्के अधिक दूर दिसतात. एक मीटरवरून हीच चूक दीड टक्क्यावर येते. त्याहून चांगले म्हणजे गुंड्या आणि चाव्या काढून दांडे उघडे ठेवून दुसरा फोटो घ्यावा. चावी बाणाच्या उलट दिशेने फिरवून सुटते. लहान गुंड्या बहुतेक सरळ ओढून निघतात.

या पद्धतीची सीमाही स्पष्ट आहे. आतला पॅलेट, म्हणजे चक्राचा एकेक दात अडवून सोडणारा भाग, पिनांचा आहे की रत्नांचा, स्प्रिंग उघडी आहे की डबीत बंद आहे, हे बंद पाठीवरून दिसत नाही. पाठीवरच्या मजकुरातले पेटंटचे सन घड्याळ त्यापूर्वीचे नाही एवढेच सांगतात. जर्मन घड्याळावर पश्चिम जर्मनी लिहिले असेल तर ते १९४९ नंतरचे असते, आणि तेवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळांना ही पद्धत लागू होत नाही, कारण त्यांची चावी पुढून देतात आणि पाठीला फक्त लाकडी फळी असते. तिथे मशीन काढून मागच्या प्लेटचा फोटो लागतो. युंगहान्स या जर्मन कंपनीच्या प्लेटवर आठ टोकांच्या ताऱ्यात इंग्रजी 'जे' हे अक्षर आणि जवळ ए किंवा बी सोबत दोन आकडे असतील, तर ए म्हणजे वर्षाचा पूर्वार्ध आणि बी म्हणजे उत्तरार्ध. बी १४ म्हणजे १९१४ चा उत्तरार्ध. एवढ्यावरच मी तूर्त थांबलो आहे.

सध्या टेबलावर परभणीच्या आठवडी बाजारातून आणलेले एका चावीचे घड्याळ आहे. पाठीवर एकच चावी असली तरी घंटा आणि गजराची गुंडी आहे, म्हणजे एकाच स्प्रिंगवर वेळ आणि गजर दोन्ही चालत असावेत, आणि असे कार्ड माझ्याकडे अद्याप नाही. गुंडीशेजारचा बाण उजवीकडचा आहे, त्यामुळे काट्यांना चक्रामार्फतच गती मिळत असणार, असे मी उघडण्यापूर्वी कार्डावर लिहून ठेवले आहे. येत्या रविवारी झाकण काढतो.