पुराच्या प्रस्तावातलं ‘महत्त्व’

गुरुवार, कोल्हापूर

पंचगंगेच्या पुरावरच्या संशोधनासाठी निधी मागणारा प्रस्ताव आज दिवसभर संपादनासाठी समोर होता. स्थापत्यवाल्या मंडळींनी लिहिलाय, तीन वर्षांच्या कामाचा. पद्धतीचा भाग भक्कम आहे, तिथं हात लावायचं कारण नाही. अडचण आहे ती ‘संशोधनाचे महत्त्व’ या दीड पानाची. निधी द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीत पाण्याचा जाणकार एखादाच असणार. बाकीचे कुणी रसायनशास्त्रातले, कुणी शेतीतले, कुणी अर्थशास्त्रातले. पद्धत बरोबर आहे का, यावर ते जाणकाराचं ऐकतील. हे काम करायलाच हवं का, हे मात्र स्वतः ठरवतील. आणि ते ठरवायला त्यांच्या हातात एवढंच दीड पान असेल.

मसुद्याचं पहिलं वाक्य असं: ‘पूर ही गंभीर नैसर्गिक आपत्ती असून दरवर्षी मोठी जीवित व वित्तहानी होते.’ दुसरं: ‘म्हणून पंचगंगा खोऱ्यासाठी द्विमितीय जलगतिकीय प्रतिमान विकसित करणे आवश्यक आहे.’ खरा खड्डा या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. पुराच्या माणसाला तो दिसत नाही, कारण मधल्या पायऱ्या त्याच्या डोक्यात तयार असतात. इतरांना त्या ‘म्हणून’चा अर्थच लागत नाही. अशा वेळी बहुतेक जण अवघड शब्द बदलायला बसतात. ‘जलगतिकीय प्रतिमान’ काढून ‘पाण्याच्या प्रवाहाचं संगणकीय गणित’ लिहिलं, तर वाक्य सोपं होतं, खड्डा तसाच राहतो.

तो भरायला लेखकांना एकच विचारायचं: आज कुणाला कुठला निर्णय घेता येत नाही, आणि का घेता येत नाही? उत्तर चांगलं आलं, पण ते मसुद्यात कुठंच नव्हतं. पावसाळ्यात आख्ख्या कोल्हापूरचं लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या आकड्याकडं असतं. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैमध्ये 56 च्या वर. पण हा आकडा एका जागेचा. बंधाऱ्यावर 45 फूट झाले, तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत कधी आणि किती पाणी येणार, हे त्यातून कळत नाही. सुतारवाड्यातली माणसं जुन्या अनुभवावरून आधीच बाहेर पडतात. ज्या गल्ल्यांमध्ये पूर्वी पाणी आलंच नव्हतं, त्यांच्याकडं तसा अनुभव नाही. म्हणजे अडलेला निर्णय हा: कुठली गल्ली कुठल्या आकड्याला रिकामी करायची.

यानंतर समितीतला कुणीही विचारणार, मग हे आजवर का झालं नाही? ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे मसुद्यातलं उत्तर चालणार नाही. न झालेल्या गोष्टी पुष्कळ असतात. त्यातल्या कितीतरी न झाल्यानं काही बिघडत नाही. अडथळा काय होता, तो सांगायला हवा. इथं तो जमिनीच्या उंचीचा आहे. उपग्रहांवरून केलेल्या, मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत काही मीटरची चूक असू शकते. इशारा आणि धोका यांच्यातलं अंतर चार फूट, म्हणजे साधारण 1.2 मीटर. नकाशातली चूक या अंतरापेक्षाच मोठी असेल, तर त्यावर केलेलं गणित कितीही बारीक असलं तरी गल्ली बुडणार की नाही हे सांगू शकत नाही. मला हा या प्रस्तावातला सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो, आणि तो पद्धतीच्या भागात एका तळटीपेत पडला होता. त्याच्यामुळं पैशाचाही खुलासा होतो: खर्चाचा सर्वांत मोठा आकडा रस्त्यांची आणि जोत्यांची उंची प्रत्यक्ष मोजण्याचा आहे. तळटीप वर आणली नाही, तर तो आकडा समितीला फुगवलेला वाटणार.

नवा पहिला परिच्छेद असा झाला:

‘कोल्हापुरात पुराचा इशारा पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या एका मोजपट्टीवरून दिला जातो. तिच्यावरील आकड्यावरून कोणत्या गल्लीत किती पाणी येईल हे आज सांगता येत नाही, कारण उपलब्ध नकाशांतील उंचीची चूक इशारा व धोका या पातळ्यांमधील चार फुटांहून मोठी असू शकते. आम्ही पूरक्षेत्रातील रस्त्यांची व जोत्यांची उंची जागेवर मोजू, त्यावरून गणित बसवू आणि प्रत्येक गल्लीसाठी मोजपट्टीचा आकडा व अपेक्षित पाणी यांचा तक्ता तयार करू.’

तीन वाक्यं, प्रत्येकाचं काम वेगळं: आज काय चालतं, कुठं आणि का अडतं, आम्ही काय हातात देऊ. ‘पंचगंगेवरील’ हा शब्द आपल्याला फालतू वाटेल, पण बाहेरच्या वाचकाला राजाराम बंधारा कुठल्या नदीवर आहे हे माहीत असायचं कारण नाही. उलट कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे यांवरचं अर्धं पान पद्धतीत हलवलं. ते वाचायला मला आवडलं, पण निर्णयाच्या साखळीत त्याची कडी नाही.

दुसऱ्या परिच्छेदात ‘नॅश-सटक्लिफ गुणांक 0.85 पेक्षा जास्त’ असं होतं. गणितातली आणि प्रत्यक्ष मोजलेली पातळी किती जुळते, ते हा गुणांक सांगतो. इतर विषयांतल्या वाचकाला हा आकडा चांगला की वाईट, हेही कळणार नाही. शिवाय तो फसवाही आहे: पावसाळ्याचे सगळे दिवस धरून काढला तर साध्या दिवसांच्या जोरावर चांगला दिसतो, आणि नेमकं पुराचं शिखर दोन-तीन फुटांनी चुकलेलं असू शकतं. या गुणांकाचं फुटांत रूपांतर संपादकानं स्वतः करायचं नाही. तसं ते होतही नाही. लेखकांकडून शिखराच्या पातळीतली चूक फुटांत मागवली. आता वाक्य असं: ‘2019 च्या पूरखुणांवर गणित बसवून 2021 च्या खुणांवर तपासू, शिखराची पातळी एका फुटाच्या आत जुळली तरच तक्ता वापरण्यायोग्य मानू.’ एका पुरावर बसवलं, दुसऱ्यावर तपासलं, हे कुणालाही समजतं. कधी अपयश मानणार हेही आधीच सांगितलं जातं.

शेवटी ‘यामुळे जीवितहानी टळेल’ हे वाक्य काढलं. लोक हलवायचे की नाही हे प्रशासन ठरवतं, संशोधक नव्हे. तक्ता वापरला गेला तर कुठल्या भागाला आधी हलवायचं हे आकडा वाढायच्या आत ठरवता येईल, इथपर्यंतच दावा टिकतो. ‘इतर शहरांनाही उपयुक्त’ हेही तसंच सैल होतं. तक्ता कोल्हापूरचाच राहणार; मोजायची रीत दुसरीकडं नेता येईल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45 फुटांच्या पातळ्या अशाच एका जागेवरून पाहिल्या जातात, म्हणून सांगलीचं एकच उदाहरण ठेवलं.

मग हे पान वाणिज्य शाखेच्या एका प्राध्यापिकेला वाचायला दिलं आणि कागद परत घेऊन विचारलं, ‘मॅडम, या कामानंतर काय कळेल जे आज कळत नाही?’ ‘समजलं का’ असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. त्यांनी गल्लीचं आणि आकड्याचं बरोबर सांगितलं, पण तक्ता नक्की कुणाच्या हातात जाणार हे त्यांना सांगता आलं नाही. पान पुन्हा पाहिलं तर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचं नाव घालायचं, तर त्यांचं संमतिपत्र जोडायला लागेल. पत्राशिवाय नाव घातलं तर समितीतला कुणीतरी त्यावरच बोट ठेवेल. लेखक उद्या कक्षात जाणार आहेत. पत्र येईपर्यंत त्या वाक्याची जागा पिवळी करून ठेवलीय.