१.९६ वर अडलेला सिनॉप्सिस

कम्युनिटी मेडिसिनच्या एमडीचा माझा सिनॉप्सिस एकाच रकान्यावरून तीनदा परत आला. शेरा दर वेळी तोच: "नमुनासंख्येचे स्पष्टीकरण अपुरे." अपुरं म्हणजे नेमकं काय, हे लिहायला मात्र कुणाची शाई पुरत नव्हती.

काम सरळ होतं. तालुक्यातल्या १५ ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांचं सरासरी हिमोग्लोबिन काढायचं, चूक ०.३ ग्रॅमच्या आत, खात्री ९५ टक्के. किती जणी लागतील हे ठरवायला प्रमाण विचलन हवं, आणि ते तर मोजल्याशिवाय कळत नाही! पहिल्यांदा मी ते गरोदर स्त्रियांवरच्या एका निबंधातून उचललं. तो परत आला ते रास्तच. दुसऱ्यांदा "३० पुरेत" असं ठोकून दिलं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

मग यादीतून चिठ्ठ्या टाकून १० जणींचा पायलट केला. विचलन आलं १.५ ग्रॅम. (1.96 × 1.5 / 0.3)² म्हणजे ९६.०४, म्हणून ९७ जणी. ऐटीत दिला. परत!

या वेळी स्टॅटिस्टिक्सच्या सरांच्या केबिनबाहेर दीड तास बसून राहिले. सरांनी १.९६ खाली रेघ मारली. "डॉक्टर, हे १.५ तालुक्याचं की तुमच्या दहा जणींचं?"

तिथे डोक्यात प्रकाश पडला. दहा मोजमापांवरून काढलेल्या १.५ मागचं खरं विचलन १.० पासून २.७ पर्यंत कुठेही असू शकतं. १.९६ चालतो तो विचलन पक्कं माहीत असेल तेव्हा. दहाच्या पायलटला ९ मुक्तांशांचा t घ्यायचा, २.२६२. मग (2.262 × 1.5 / 0.3)² = १२७.९, म्हणजे १२८. ही स्टाइनची १९४५ ची दोन टप्प्यांची रीत. पायलटच्या दहा जणी यातच धरायच्या, म्हणून नव्या ११८. पण त्यासाठी निवड आणि हिमोग्लोबिन मोजायची पद्धत दोन्ही टप्प्यांत एकच हवी. पायलट बोटाच्या थेंबावर आणि बाकीच्या शिरेतल्या रक्तावर, असं केलंत तर तो १.५ कुचकामी.

एक अट मला अजून खुपते. सरासरी १२८ जणींची घ्यायची, पण शेवटच्या अंतरालात विचलन पायलटचंच, t सुद्धा २.२६२. "मग ११८ जणींचं विचलन वाया?" मी विचारलं. "वापरा की," सर म्हणाले, "पण मग अंतराल ०.३ च्या आत राहीलच, हा शब्द देऊ नका."

चौथ्यांदा चार दिवसांत मंजूर झाला. निघताना सर सहज बोलून गेले की पायलट ३० चा असता तर t २.०४५ आला असता, आणि विचलन तेवढंच निघालं असतं तर एकूण १०५ जणींत भागलं असतं. २३ जणींच्या सुया वाचल्या असत्या. हे पहिल्या शेऱ्यातच लिहायला काय झालं होतं?