आधी झोप, मग पाहुणचार

"साईपालखीतले आठ जण रात्री मुलुंडला आमच्याकडे मुक्कामाला आहेत. किती वाजता येतील? जेवायला काय करू? अंथरुणं कशी घालू?"

सहा वाजता येतो म्हणाले असतील तर आठ वाजता धरा. दादरहून मुलुंड 22 किलोमीटरच्या आसपास, पण वाटेत सरबत आणि आरतीसाठी लोक थांबवतात. म्हणून वरण आणि भाजी करून ठेवा, भाताचा कुकर मात्र ते भांडुपला पोचल्याचा फोन आल्यावरच लावा. कांदा-लसूण चालतो का आणि कुणाचा उपास आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.

मी पहिल्या वर्षी श्रीखंड-पुरी केली होती. चाळीतल्या सगळ्यांना आरतीला बोलावलं होतं. आल्या आल्या सगळ्यांचे पाय कढत पाण्यात बुडवले, मिठासकट, अर्धा-अर्धा तास. मला ती सेवा वाटत होती. त्यांच्यातल्या एक ताई साडीखाली पाय दुमडून गप्प बसल्या होत्या. मी आग्रहाने त्यांना दोन पुऱ्या जास्त वाढल्या. निजायला पावणेबारा झाले. तीनला उठल्या तेव्हा चादरीवर तांबडे डाग होते. टाचेचा फोड फुटून कातडी सोलली होती, चप्पल चढेना. "तुमचं मन मोडायला नको म्हणून बोलले नाही," एवढंच म्हणाल्या. सकाळी ठाण्याहून लोकलने परत गेल्या. शिर्डी राहिली.

शेजारणी आजही म्हणतात, फोड चालण्याने आला, तुझ्यामुळे नाही. खरंय. पण फार वेळ पाण्यात राहून कातडी भिजली, मऊ झाली की घासून लवकर सोलते, हे मला माहीत नव्हतं. आता साधं पाणी देते, पाच मिनिटं पाय धुवायला पुरे. मग बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं पुसायला सुती पंचा. न फुटलेला फोड आम्ही फोडत नाही. फुटलाच तर वरची कातडी ओढत नाही, स्वच्छ धुवून कोरडी पट्टी बांधतो.

अंथरुणाचं फार मनावर घेऊ नका. जमिनीवर सतरंजी, वर चादर, आणि पायांखाली ठेवायला एक उशी जास्त. साडेनऊला दिवे बंद. पहाटे तीनला एका मोरीत आठ जण असतात आणि नळाला पाणी नसतं, म्हणून पिंप आणि बादल्या रात्रीच भरून ठेवा.

आणि पाया पडायचं असेल तर लांबूनच. दुखऱ्या पावलाला हात लागला की माणूस कळवळतो, पण भिडेपोटी बोलत नाही.

आरती मी बंद केलेली नाही. "साईराम म्हणत दारात आलेल्यांना नुसतं निजवायचं का गं?" असं सासूबाई विचारतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही. एकच आरती, उभ्या उभ्या, असं ठरवलंय. गेल्या वर्षी तरी साडेदहा झालेच.