पाचशेत गेला असता मोल्सवर्थ

शनिवार, रात्री.

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या मामांचा आज एक सौदा मोडताना पाहिला.

रद्दीच्या लॉटमध्ये त्यांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मिळाला होता. नऊशेवर पानांचा ठोकळा, वर लायब्ररीत घालतात तसली रेक्झिनची बांधणी. आतल्या पानावर १८५७ हे साल होतं, पण मामांनी ते मनावर घेतलं नाही. या कोशाचं पुनर्मुद्रण पुण्याहून निघालेलं आहे, आणि जुन्या सालाचं पान पुनर्मुद्रणातही असू शकतं. शिवाय त्यांचा नेहमीचा आडाखा असा, की जुनं पुस्तक म्हणजे पिवळं पडलेलं आणि दुमडलं की तुटणारं. ह्याची पानं तर छान लवत होती. म्हणून त्यांनी पाचशे सांगितले.

आडाखा चुकला तो इथेच. लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आला तो १८५७च्या नंतर. त्यातल्या आम्लामुळे १९३०-४० सालची पुस्तकं आज हातात चुरा होतात. लगद्याच्या आधीचा कागद चिंध्यांचा. त्यावर तपकिरी ठिपके पडतात, कसर लागते, पण तो मऊच राहतो. म्हणजे आजोबा धडधाकट आणि नातू खोकतोय, असा प्रकार.

गिऱ्हाईक चष्मेवाले, पन्नाशीचे. त्यांनी एक पान उजेडात तिरकं धरलं, पाठीमागून बोट फिरवलं आणि गप्पकन पाचशेची नोट काढली. घासाघीस नाही, काही नाही. मामांना खटकलं ते एवढंच.

"थांबा साहेब," म्हणत त्यांनी पुस्तक परत घेतलं आणि स्वतः पाठीमागून बोट फिरवलं. खिळे जुळवून छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचा उठाव लागतो. फोटो काढून ऑफसेटवर छापलेलं पान गुळगुळीत असतं, आणि त्यात बारीक अक्षरांची पोटं शाईनं भरलेली दिसतात. इथे उठाव चांगला बोटाला लागत होता.

साहेब हजारावर आले, मग तीन हजारांवर. मला त्यांचा राग आला नाही. फुटपाथवर ज्याला कळतं तो कमावतो, आणि मामाही रद्दीवाल्याला किलोचाच भाव देतात की! पण मामा म्हणाले, "आज नाही. आधी पानं मोजतो." बरोबरच होतं. पुन्हा बांधलेल्या पुस्तकात पहिली-शेवटची पानं गळालेली असतात, क्रमांक सलग लागत नाहीत, आणि एक पान कमी निघालं तरी भाव खाली येतो.

मामांनी कोश गोणपाटात गुंडाळून पेटीत टाकला. साहेबांनी मग पन्नास रुपयांचं एक जुनं पंचांग उचललं आणि त्यावर दहा मिनिटं हुज्जत घालून ते चाळीसला नेलं.